तीनाचे चार की चाराचे पाच?

(कार्यकर्त्यांच्या अहवाल-वाचन शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सकाळपासून आपण अहवाल कसा लिहावा यावर बोललो. मी आता उलट्या बाजूने बोलणार आहे. दुसऱ्याने लिहिलेला अहवाल हातात आला की त्यातली वाक्ये त्याच अहवालातल्या तक्त्याशी जुळतात का, हे कसे पाहायचे? त्यासाठी बाहेरची माहिती लागत नाही. हिशेब तपासनीस लागत नाही. एक कागद, पेन्सिल आणि अर्धा तास पुरतो. समाजकार्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात मी संख्याशास्त्राचा पेपर दिला होता, पण ही गोष्ट मी तिथे शिकले नाही. ती मला पापड लाटणाऱ्या एका मावशींमुळे शिकावी लागली. म्हणून त्यांच्यापासूनच सुरुवात करते.

एका तालुक्याच्या गावी पापड, मसाला आणि लोणची करणारे उत्पादन केंद्र आहे. चालवणारी संस्था वेगळी, काम करणाऱ्या बाया वेगळ्या. काम हंगामी, मजुरी किलोवर. संस्थेची वार्षिक सभा होती आणि मला पाहुणी म्हणून बोलावले होते. चिटणीसांनी अहवाल वाचला: 'या वर्षी केंद्राची विक्री एक तृतीयांशाने वाढली असून सर्व महिलांच्या उत्पन्नात वाढ झाली आहे.' टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या. तेवढ्यात मागून मावशी म्हणाल्या, "अहो, मग माझ्या हाती गेल्या सालापेक्षा कमी कसं आलं?" सभेत थोडा हशा पिकला. कोणीतरी म्हणाले, मावशी, तुम्ही खाडे केले असतील. मावशी खाली बसल्या.

मला त्या हशाची लाज वाटली. रात्री मुक्कामाला अहवाल उघडला. शेवटच्या पानावर तक्ता होता. हिशेब तोंडी करता यावा म्हणून मी आकडे सोपे केले आहेत. चूक मात्र होती तशीच ठेवली आहे.

| तपशील | मागील वर्ष | चालू वर्ष |
|---|---|---|
| पापड विक्री (रु.) | २,४०,००० | ३,००,००० |
| मसाला विक्री (रु.) | १,२०,००० | १,६०,००० |
| लोणची विक्री (रु.) | ४०,००० | ४०,००० |
| एकूण विक्री (रु.) | ४,००,००० | ५,००,००० |
| वाटलेली मजुरी (रु.) | १,२०,००० | १,३५,००० |
| काम करणाऱ्या महिला | ३० | ३६ |

पहिले काम म्हणजे बेरीज. तिन्ही ओळी मिळून एकूण येते का? दोन्ही वर्षांची येते. ही पायरी कोणी गाळू नका. बेरीजच चुकलेली असेल तर पुढची सगळी तपासणी वाळूवरची आहे.

दुसरे काम, वाक्याखाली रेघ मारून विचारायचे: हे वाक्य तक्त्यातल्या कोणत्या दोन आकड्यांबद्दल बोलते? 'केंद्राची विक्री' म्हणजे एकूण विक्री. म्हणजे ४,००,००० आणि ५,००,०००. वाढ झाली १,००,०००. आता ही वाढ कशाच्या मानाने मोजायची? आधी जे होते त्याच्या मानाने. चार लाखांत एक लाख म्हणजे चौथा हिस्सा. विक्री एक चतुर्थांशाने वाढली, एक तृतीयांशाने नाही.

ज्यांना अपूर्णांकांची भीती वाटते त्यांच्यासाठी मी एक खूण सांगते. तीनाचे चार झाले तर एक तृतीयांश वाढ. चाराचे पाच झाले तर एक चतुर्थांश वाढ. दोनाचे तीन झाले तर निम्मी वाढ. आपल्या आज्या याला सव्वापट, दीडपट म्हणत. चाराचे पाच म्हणजे सव्वापट, दोनाचे तीन म्हणजे दीडपट. मापट्याने धान्य मोजणारी बाई हे कागदाशिवाय सांगते. वाक्यात टक्के असोत की अंश, आधी मनात 'इतक्याचे इतके झाले' असे म्हणून पाहा. निम्म्या चुका तिथेच सापडतात.

मग 'एक तृतीयांश' आले कुठून? लिहिणाऱ्याने थाप मारली असे लगेच धरू नका. आकडा बहुधा कुठून तरी आलेला असतो, आणि तो कुठून आला हे कळले की चूक दाखवून देणे सोपे जाते. त्यासाठी उलटा हिशेब करायचा. वाक्य खरे धरले तर तक्ता कसा असायला हवा होता? मागचे चार लाख खरे असतील तर या वर्षी सुमारे ५,३३,००० हवेत. या वर्षीचे पाच लाख खरे असतील तर मागच्या वर्षी ३,७५,००० हवेत. हे दोन आकडे अहवालात, मागच्या वर्षीच्या अहवालात, कच्च्या टाचणात शोधायचे. सापडले तर वाक्य जुन्या मसुद्यावरून उचलले आहे आणि तक्ता नंतर दुरुस्त झाला आहे. इथे दोन्ही आकडे कुठेच नव्हते. म्हणून मी एकेक ओळ पाहिली. मसाला: १,२०,००० चे १,६०,०००. बारा-सोळा म्हणजे तीन-चार. एक तृतीयांश सापडले! वाढ मसाल्याची होती आणि वाक्यात ती सगळ्या केंद्राची झाली होती.

अहवालांत होणारी ही सर्वांत नेहमीची चूक आहे. सर्वांत चांगल्या ओळीचा आकडा एकूणाच्या नावावर जातो. दुसरी नेहमीची चूक म्हणजे भागताना जुन्याऐवजी नवा आकडा घेणे. एक लाख भागिले पाच लाख केले असते तर 'वीस टक्के वाढ' आली असती. म्हणजे एकाच तक्त्यातून तेहेतीस, पंचवीस आणि वीस असे तीन टक्के निघू शकतात. 'केंद्राची विक्री किती वाढली' याचे बरोबर उत्तर त्यातले एकच, पंचवीस.

आता दुसरे वाक्य, मावशींचे: 'सर्व महिलांच्या उत्पन्नात वाढ झाली.' तक्त्यात मजुरी १,२०,००० ची १,३५,००० झाली. वाढ आहे, साडेबारा टक्के. पण तिच्या खालची ओळ पाहा. तीसच्या छत्तीस बाया झाल्या. मागच्या वर्षी प्रत्येकीमागे सरासरी ४,००० रुपये, या वर्षी ३,७५०. सरासरीने प्रत्येकीमागे अडीचशे रुपये कमी! मावशींनी खाडे केले नव्हते. उत्तर तक्त्यातच होते, फक्त ते काढायला एक भागाकार करावा लागत होता आणि आम्ही कोणी तो केला नव्हता.

इथे आपणही घाई करायची नाही. सरासरी घटली म्हणजे प्रत्येकीची मजुरी घटली असे होत नाही. नव्या सहाजणी शेवटच्या महिन्यात आल्या असत्या तर सरासरी त्यांच्यामुळे खाली आली असती आणि जुन्या तीसजणींना जास्तही मिळाले असते. तक्ता एवढेच सांगतो की 'सर्व महिलांच्या उत्पन्नात वाढ' या वाक्याला इथे आधार नाही. 'सर्वांचे कमी झाले' यालाही नाही. पुढचे उत्तर मजुरीच्या रजिस्टरमध्ये असते. म्हणून दुसऱ्या दिवशी आम्ही रजिस्टर मागितले. संस्थेने दिले, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवे.

रजिस्टरमध्ये दोन गोष्टी निघाल्या. नव्या सहाजणी वर्षाच्या सुरुवातीपासून होत्या आणि सगळ्या पापडावर होत्या. आणि पापड दोन्ही वर्षी सारखाच, १,५०० किलो झाला होता. मग विक्री २,४०,००० वरून ३,००,००० कशी झाली? मागच्या वर्षी पापड किलोला १६० रुपयांनी विकला, या वर्षी २०० रुपयांनी. पापड एक किलोही जास्त विकला गेला नव्हता, वाढला होता भाव. मजुरी मात्र किलोवर, आणि तिचा दर जुनाच, ४५ रुपये. म्हणजे पापडाची मजुरी दोन्ही वर्षी तेवढीच, ६७,५०० रुपये, आणि ती आता सहा हात जास्त वाटून घेत होते. मजुरीत वाढलेले १५,००० रुपये सगळे मसाल्याचे, कारण मसाला खरोखरच तिसऱ्या हिश्शाने जास्त कुटला गेला होता.

तेव्हा 'विक्री वाढली' हे वाक्य दिसले की लगेच विचारा, रुपयांत की किलोत? तक्त्याच्या डोक्यावर 'रु.' लिहिलेले असते आणि वाचताना आपल्या मनात माल वाढतो. किलोवर मजुरी घेणाऱ्या बाईसाठी या दोन्हींत जमीन-अस्मानाचे अंतर आहे.

संस्थेचे म्हणणे होते की उडीद डाळ महागली म्हणून भाव वाढवावा लागला. असेल. पण मग अहवालात तसे वाक्य हवे: पापडाचा भाव वाढवला, माल तेवढाच गेला, मजुरीचा दर बदलला नाही. हे वाक्य सभेत वाचले असते तर टाळ्यांऐवजी प्रश्न आले असते.

या केंद्रातला आणखी एक आकडा सांगते, कारण त्यातून टक्क्यांचा एक घोळ समजतो. मागच्या वर्षी शंभर रुपयांच्या विक्रीमागे ३० रुपये मजुरीत जात. या वर्षी २७. हे सांगताना कोणी म्हणेल 'मजुरीचा वाटा तीन टक्क्यांनी घटला', कोणी म्हणेल 'दहा टक्क्यांनी घटला'. पहिली व्यक्ती शंभर रुपयांतले तीन रुपये मोजते. दुसरी तिसातले तीन मोजते. दोघी एकाच घटीबद्दल बोलत आहेत. तक्त्यातच टक्के असतील तेव्हा हा घोळ हमखास होतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी अठरा वर्षांच्या आत लग्न झालेल्यांचे प्रमाण २०१५-१६ मध्ये २६.८ टक्के होते, २०१९-२१ मध्ये २३.३ टक्के. घट किती? शंभर मुलींत साडेतीन. पण आधीच्या प्रमाणाच्या मानाने तेरा टक्के. 'बालविवाह तेरा टक्क्यांनी कमी' असा मथळा वाचून शंभरातल्या तेरा मुली वाचल्या असे वाटते. आपण लिहिताना 'शंभरात २७ होत्या, नंतर २३ झाल्या' असे लिहावे. मग घोळाला जागाच राहत नाही.

'पट' या शब्दाचाही असाच घोळ आहे आणि तो मी स्वतः केला आहे. आमच्या सल्ला केंद्राकडे एका वर्षी १२ तक्रारी आल्या, पुढच्या वर्षी ३६. मी लिहिले, 'तक्रारी तिपटीने वाढल्या.' कोणी म्हणेल बरोबर आहे, कोणी म्हणेल वाढ २४ ची, म्हणजे दुपटीने वाढल्या. दोघांशीही वाद घालता येतो. 'तिप्पट झाल्या' लिहिले असते तर वाद नव्हता. 'पट' वापरायचा असेल तर 'झाले' लिहा, 'वाढले' नको.

आता सरकारी अहवालाकडे वळते, कारण आपण मोर्च्याच्या पत्रकात आकडे तिथूनच घेतो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचा अहवाल सांगतो की २०२१ मध्ये स्त्रियांवरील गुन्ह्यांच्या नोंदी १५.३ टक्क्यांनी वाढल्या. तक्ता पाहिला: २०२० मध्ये ३,७१,५०३, २०२१ मध्ये ४,२८,२७८. भागाकार केला तर १५.३ येतात. वाक्य तक्त्याशी जुळते. पण त्याच तक्त्यात २०१९ चाही रकाना आहे. २०२० हे टाळेबंदीचे वर्ष. बाई घराबाहेर पडू शकत नव्हती, ठाण्यापर्यंत पोहोचू शकत नव्हती. त्या वर्षी नोंदीच कमी झाल्या. २०१९ च्या ४,०५,३२६ शी तुलना केली तर २०२१ ची वाढ साधारण ५.७ टक्के निघते. दोन्ही वाक्ये तक्त्याशी जुळतात. म्हणून जुळले तरी आणखी एक प्रश्न विचारायचा: तुलनेला हेच वर्ष का घेतले? आपल्या पत्रकात आपण १५.३ लिहिले आणि समोरच्याने ५.७ दाखवले, तर आपण तोंडघशी पडतो. दोन्ही लिहावेत आणि टाळेबंदीचे कारणही लिहावे.

याच अहवालांत उलट्या हिशेबाचा उपयोगही दिसतो. २०१९ च्या अहवालात त्या वर्षाचा आकडा ४,०५,८६१ आहे. पुढच्या वर्षीच्या अहवालात तोच आकडा ४,०५,३२६ असा येतो. २०२० मधली घट अहवालात ८.३ टक्के दिली आहे. जुना अहवाल हाताशी घेऊन भागाकार केलात तर ८.५ येतात आणि वाटते, सापडली चूक! चूक नसते. लिहिणाऱ्याने सुधारलेला आकडा घेतला आहे आणि आपल्या हातात आधीचा आहे. म्हणून वाक्य नेहमी त्याच अहवालातल्या तक्त्याशी ताडायचे, कपाटातल्या जुन्या अहवालाशी नाही.

चूक आहे असे म्हणण्याआधी आणखी एक पाहायचे. तक्ता किती गोळा करून दिला आहे? समजा आपल्या केंद्राचा तक्ता नुसता लाखांत दिला असता: मागील वर्ष ४, चालू वर्ष ५. तर ४ म्हणजे साडेतीन लाखांपासून जवळजवळ साडेचार लाखांपर्यंत काहीही असू शकते, आणि ५ म्हणजे साडेचारपासून साडेपाचपर्यंत. साडेतीनचे साडेपाच झाले असतील तर वाढ निम्म्याहून जास्त आहे. दोन्ही आकडे साडेचारच्या आसपास असतील तर वाढ जवळपास शून्य. अशा तक्त्यावरून 'एक तृतीयांश' चूक ठरवता येत नाही आणि बरोबरही ठरवता येत नाही. तेव्हा वाद न घालता पूर्ण आकडे मागायचे. आपल्या अहवालात रुपये पूर्ण होते, म्हणून एक तृतीयांशाला सुटका नव्हती. शिवाय 'सुमारे', 'जवळपास' या शब्दांना थोडी सूट द्यावी. ३२ किंवा ३४ टक्क्यांना कोणी 'सुमारे एक तृतीयांश' म्हटले तर भांडू नये. २५ ला म्हटले तर सोडू नये.

आणि या तपासणीची मर्यादाही सांगते. वाक्य तक्त्याशी जुळले म्हणजे तक्ता खरा, असे नाही. गुन्ह्यांचा तक्ता नोंदी मोजतो, घडलेले गुन्हे नाही. ठाण्यातून परत पाठवलेली बाई त्यात कुठेच नसते. पण वाक्य तक्त्याशी जुळत नसेल तर दोहोंपैकी एक तरी चूक आहे, एवढे घरबसल्या नक्की होते. आणि ते सांगायला कोणाच्या हेतूबद्दल बोलावे लागत नाही.

आम्ही त्या संस्थेला पत्र लिहिले ते असे. 'पान दोनवर विक्री एक तृतीयांशाने वाढली असे आहे. शेवटच्या पानावरील तक्त्यानुसार ४,००,००० चे ५,००,००० झाले, म्हणजे वाढ एक चतुर्थांश आहे. एक तृतीयांश वाढ मसाल्याची दिसते. तसेच तक्त्यानुसार दर महिलेमागे सरासरी मजुरी ४,००० वरून ३,७५० झाली आहे. कृपया वाक्ये किंवा तक्ता दुरुस्त करावा.' पान, वाक्य, आकडे, भागाकार आणि मागणी, एवढेच. 'दिशाभूल' हा शब्द आम्ही पहिल्या मसुद्यात घातला होता आणि नंतर काढला. तो राहिला असता तर संस्थेने त्या एका शब्दावरच उत्तर दिले असते.

वाक्ये दुरुस्त झाली. पुढच्या सभेत किलोमागच्या मजुरीचा दर हा विषय पत्रिकेवर आला. पापडवाल्या बायांनी आठ रुपये वाढवून मागितले, पाच मिळाले. त्या सभेत मावशींनी उभे राहून तक्ता वाचून घ्यायला लावला, एकेक ओळ, सावकाश. त्यांना वाचता येत नाही. पण तीसजणींत वाटलेले आणि छत्तीसजणींत वाटलेले यातला फरक त्यांना कोणी समजावून सांगावा लागला नाही.

जेवणानंतर प्रत्येकीने आपल्या संस्थेचा मागचा अहवाल काढून बसावे. 'वाढ', 'घट', 'निम्मे', 'बहुसंख्य', 'पट' असे शब्द असलेल्या प्रत्येक वाक्याखाली रेघ मारा आणि समासात लिहा, तक्त्यातली कोणती ओळ, कोणते दोन रकाने. ज्या वाक्याशेजारी काहीच लिहिता येणार नाही, त्यापासून आपण सुरुवात करू.